भावगीतातील घरगुती तपशील आणि परका श्रोता

घरच्या माणसावर रचलेले गीत घरच्या माणसांसमोर वाचले म्हणजे ते बहुधा यशस्वी होते. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येते, कोणी पदर डोळ्यांस लावतो, आणि रचणाऱ्यास वाटते की आपले काम साधले. परंतु तेच गीत दोन घरे पलीकडे, ज्यांनी त्या माणसास कधी पाहिले नाही अशांसमोर वाचावे, तो तेथे सभ्यपणाची शांतता पसरते. कोणी "छान आहे" म्हणतो, आणि बोलणे दुसऱ्या विषयाकडे वळते. शब्द तेच, चाल तीच. मग पहिल्या घरी जे अश्रू आले ते गीताने आणले होते की आठवणीने, असा प्रश्न उभा राहतो. ह्या प्रश्नाचे खरे उत्तर अप्रिय आहे. ते अश्रू आठवणीचे होते. गीताने केवळ नाव घेऊन तिला हाक मारली होती.

आजच्या भाषणाचा विषय हाच आहे. कवीच्या स्वतःच्या घरातला, अगदी त्याच्यापुरता असलेला तपशील भावगीतात कसा आणावा, म्हणजे परक्या श्रोत्याला त्यात स्वतःची जागा सापडेल, आणि तरीही ते गीत कोणाचेही, कशाचेही, म्हणजेच कोणाचेच नाही, असे होणार नाही?

हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. काश्मीरातील आलंकारिक भट्टनायक ह्याने रसाच्या विवेचनात 'साधारणीकरण' हा शब्द रूढ केला. त्याचा 'हृदयदर्पण' हा ग्रंथ आज उपलब्ध नाही. त्याची मते आपणांस कळतात ती मुख्यतः त्याच्यामागून झालेल्या अभिनवगुप्ताच्या लिखाणावरून. अभिनवगुप्ताचा काळ म्हणजे इसवी सनाच्या दहाव्या शतकाची अखेर व अकराव्याचा प्रारंभ. त्याने ही गोष्ट समजावून देताना कालिदासाच्या 'शाकुंतला'तील पहिल्या अंकातले हरिण घेतले आहे. दुष्यंताचा रथ मागे लागला आहे आणि हरिण पळत आहे. ते वरचेवर मान वळवून रथाकडे पाहते; बाण पडेल ह्या भीतीने अंगाचा मागला भाग पुढल्या भागात ओढून घेते; दमून उघड्या पडलेल्या तोंडातून अर्धवट चावलेले दर्भ वाटेवर गळत जातात. अभिनवगुप्त म्हणतो की हे ऐकताना 'मी भ्यालो आहे' किंवा 'तो भ्याला आहे', हा शत्रू, तो मित्र, असा कोणताच हिशेब श्रोत्याच्या मनात राहत नाही. स्थळकाळाच्या बंधनातून सुटलेले नुसते भय त्याच्या हृदयात शिरते.

येथे एक गोष्ट ध्यानात धरण्यासारखी आहे. साधारणीकरण म्हणजे तपशील पुसून टाकणे, असा ह्या शब्दाचा अर्थ पुष्कळजण करतात. पण ज्या श्लोकाचे उदाहरण दिले आहे त्यात तपशील किती बारीक आहे पाहा! 'हरिण भयाने व्याकुळ झाले' एवढेच म्हटले असते तर ते कोणत्याही हरिणास लागू पडले असते आणि कोणास भय वाटले नसते. वाटेवर गळणारे अर्धे चावलेले दर्भ हा एका हरिणाच्या एका क्षणाचा तपशील आहे. आणि तोच ऐकणाऱ्यास आत ओढतो. कालिदासाने येथे गाळले आहे ते निराळेच. ते कोणत्या कळपातले, त्याचे वय काय, ह्या रानात ते केव्हा आले, ह्यांपैकी काही सांगितलेले नाही. म्हणजे पाहण्याजोगे ते सर्व ठेवले, आणि ज्यासाठी आधीची ओळख लागते ते तेवढे वगळले.

'मेघदूता'तही हेच आहे. त्या काव्याचा नायक 'कोणी एक' यक्ष आहे. त्याला नाव नाही. आपल्या कामात त्याने काही हयगय केली म्हणून धन्याने एक वर्षाचा शाप दिला, एवढे कळते. ती हयगय कोणती हे काव्य सांगत नाही. टीकाकारांनी त्यावर पुढे कथा रचल्या, पण कालिदासाला त्यांची गरज भासली नाही. मात्र विरहाने तो किती वाळला हे सांगताना त्याच्या हातातले सोन्याचे कडे गळून मनगट रिकामे झाले आहे, हे तो विसरत नाही. नाव नाही, अपराधाचा तपशील नाही. पण मनगट आहे.

आता हे तत्त्व प्रत्यक्ष रचनेत कसे उतरते ते पाहण्यासाठी एक घर डोळ्यांसमोर आणू या. घर काल्पनिक आहे, परंतु तशी घरे महाराष्ट्रात एके काळी पुष्कळ होती. आई लवकर गेली. थोरली बहीण लहानपणीच विधवा होऊन माहेरी आली आणि तिने धाकट्या भावास वाढविले. भाऊ परीक्षेस बसावयाचा तेव्हा फीसाठी घरात पैसा नव्हता. सासरहून आलेल्या एका डबीत तिचे सोन्याचे बिलवर होते. ते हातात घालण्याचे दिवस तर तिचे संपलेच होते. तथापि तेवढीच एक वस्तू तिची म्हणून उरली होती. ती तिने विकली. पुढे भाऊ शिकला, नोकरीस लागला, संसारी झाला. बहीण वारल्यानंतर वर्षश्राद्धाच्या सुमारास त्याने तिच्यावर एक गीत रचले. त्याचे पहिले कडवे असे होते:

गोदूताई सदाशिवातिल,
सन तीसातिल मार्च महीना;
बिलवर विकले मॅट्रिकसाठी,
ते ऋण माझे कधी फिटेना.

घरच्या मंडळींस हे ऐकून गहिवर आला. शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी मात्र थोडा वेळ थांबून म्हटले, "गीत मनापासूनचे आहे. पण ह्या गोदूताई कोण, हे आम्हांला आधी ठाऊक असते तर अधिक बरे झाले असते."

शेजाऱ्यांचे म्हणणे रास्त होते. कडव्यात सात गोष्टी आहेत: नाव, पेठ, साल, महिना, बिलवर, परीक्षा आणि ऋण. ह्यांपैकी पहिल्या चार नोंदवहीत शोभतील अशा आहेत. त्या खऱ्या आहेत, पण ऐकणाऱ्याला त्यांतून काही दिसत नाही. पाचवी गोष्ट, बिलवर. हीत खरे दुःख आहे, परंतु ते कुलूपबंद आहे. विधवेच्या पेटीतले ते अखेरचे सोने होते हे घरच्यांस माहीत आहे, म्हणून 'विकले' ह्या शब्दापाशी त्यांचा गळा दाटतो. परक्याच्या लेखी कोणी दागिना विकला आणि फी भरली, एवढाच व्यवहार झाला. आणि सातवी गोष्ट, ऋण, हा तर निष्कर्ष आहे. जे श्रोत्याने स्वतः म्हणावयाचे ते कवीने आधीच म्हणून टाकले, त्यामुळे श्रोत्यास करावयास काही उरले नाही.

भावाला शेजाऱ्यांचे बोलणे लागले. पण त्याने त्यातून चुकीचा धडा घेतला. नवशिके कवी येथे बहुधा हाच धडा घेतात. त्याला वाटले, घरगुती गोष्टी काढून टाकल्या म्हणजे गीत सर्वांचे होईल. त्याने दुसरा खर्डा केला:

त्यागमूर्ति तू, प्रेमळ भगिनी,
जीवन अवघे तूच उजळिले;
स्नेहाची तव मंगल ज्योती,
दुःखी मन हे शांत जाहले.

हे कडवे पहिल्यापेक्षा अधिक घोटीव आहे. त्यात अडखळण्यासारखे काही नाही, आणि नेमका तोच त्याचा दोष आहे. शेजारी म्हणाले, "आता हे कोणाच्याही बहिणीवर म्हणता येईल." त्यांनी हे स्तुती म्हणून म्हटले. परंतु घरातली म्हातारी मावशी भावाला म्हणाली, "अरे, ह्यात आमची गोदू कुठे आहे?" त्या प्रश्नाला त्याच्यापाशी उत्तर नव्हते. गीत सर्वांचे करावयास निघालो आणि जिच्यासाठी ते करावयाचे तीच त्यातून निघून गेली, हे त्याला त्या क्षणी कळले.

दुसरा खर्डा असा का झाला, ह्याचे एक कारण छंदाच्या हिशेबातही आहे. ही रचना पादाकुलकाची आहे; प्रत्येक ओळीत सोळा मात्रा, आठाआठांच्या दोन तुकड्यांत. 'गोदूताई' ह्या नावाच्या बरोबर आठ मात्रा होतात, म्हणजे ते नाव अर्धी ओळ भरते. ते काढले की अर्ध्या ओळीचे भोक पडते, आणि ते भोक बुजविण्यास विशेषणे हात जोडून उभीच असतात. 'प्रेमळ भगिनी' ह्याच्याही बरोबर आठच मात्रा आहेत. त्यामुळे चाल बिघडत नाही, कानाला काही खुपत नाही, आणि एका माणसाच्या जागी एक विशेषण येऊन बसले हे रचणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. म्हणून रचनेचा पहिला नियम असा सांगता येईल की, नाव काढल्यावर रिकामी झालेली जागा विशेषणाने भरू नये. ती क्रियेने किंवा वस्तूने भरावी.

पण ती क्रिया, ती वस्तू आणावयाची कोठून? पहिल्या खर्ड्यातील शब्दांची अदलाबदल करून ती मिळत नाही. त्यासाठी गीत बाजूस ठेवून आठवणीकडे परत जावे लागते. भावाने तसे केले. 'तिने माझ्यासाठी काय केले' हा प्रश्न सोडून 'संध्याकाळी घरात काय दिसत असे' हा प्रश्न त्याने स्वतःस विचारला, आणि जे आठवले ते साध्या गद्यात कागदावर उतरविले. पुष्कळ गोष्टी आठवल्या. ती रागावली म्हणजे त्याला 'दिवाणसाहेब' म्हणे. तिला दम्याचा विकार होता. ती वाती वळीत असे, तांदूळ निवडीत असे. तिन्हीसांजेला कंदिलाची काच उतरवून ती राखेने पुशी. घरात कंदील एकच. तो ती भावाच्या पुस्तकाजवळ ठेवी, आणि आपण पलीकडे बसे.

ह्या आठवणींतून निवड करावयाची ती दोन प्रश्नांच्या आधाराने. पहिला प्रश्न असा की, ह्या गोष्टीचा अर्थ तिच्यातच आहे की घरच्यांच्या डोक्यात? 'दिवाणसाहेब' ह्या शब्दात घरच्यांना सारे बालपण ऐकू येते. परक्यास तो समजावून सांगावा लागेल, आणि समजावून सांगितलेला विनोद मेलेला असतो. ती आठवण कितीही लाडकी असली तरी ह्या गीतात तिला स्थान नाही. दुसरा प्रश्न असा की, ही गोष्ट काढली तर काय दिसेनासे होईल? दमा काढला तर काही बिघडत नाही, कारण त्याचा ह्या बहीणभावाच्या नात्याशी विशेष संबंध नाही. कंदील काढला तर सारे चित्रच नाहीसे होते. घरात उजेड थोडा आहे आणि कोणीतरी तो दुसऱ्याकडे सरकवून देते, हे पाहण्यासाठी कोणाची ओळख लागत नाही.

वाती की तांदूळ, हा निर्णयही असाच व्हावयाचा. दोन्ही गोष्टी खऱ्याच होत्या, तेव्हा घरच्यांशी प्रतारणा कोणत्याच निवडीत नव्हती. परंतु वाती बोटांच्या सवयीने अंधारातही वळता येतात. तांदळातले खडे निवडावयास मात्र डोळे लागतात. ज्या कामाला उजेड हवा तेच काम ती अंधारात करीत बसली आहे, एवढ्यावरून तिने काय दिले ते श्रोत्यास न सांगता कळते. म्हणून तांदूळ घ्यावयाचे. तिसऱ्या खर्ड्याचे पहिले कडवे असे उतरले:

काच पुसुनिया राखेने तू,
कंदिल ठेवुनि माझ्यापाशी,
खडे तांदळामधले निवडित
आपण बसशी अंधाराशी.

येथे 'त्याग' हा शब्द नाही, 'प्रेम' नाही, 'भगिनी'ही नाही. नुसते 'तू' आहे. हे 'तू' फार उपयोगाचे आहे. पहिल्या खर्ड्यात तिचे नाव होते, त्यामुळे ऐकणारा बाहेर उभा राहून एका अनोळखी बाईची हकीकत ऐकत होता. 'तू' म्हटल्याबरोबर म्हणणाऱ्याला आपल्या मनातले माणूस समोर आणावे लागते, मग ते कोणीही असो. तपशील मात्र कवीचाच राहतो. म्हणजे व्यक्तीची जागा मोकळी ठेविली, आणि तिच्या भोवतालची खोली पूर्ण सजवून दिली.

ही युक्ती कोणा पंडिताने शोधून काढलेली नाही. आपल्या खेड्यापाड्यांतील स्त्रिया जात्यावर बसून ती पिढ्यान्‌पिढ्या वापरीत आल्या. 1980 नंतरच्या काळात हेमा राईरकर व गी पॉईतवँ ह्या दोघा अभ्यासकांनी महाराष्ट्रातील शेकडो गावांत हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविण्याचे काम केले. अशा ओव्यांत एकच ओवी निरनिराळ्या तोंडी आढळते आणि तिच्यात मुलाचे, भावाचे किंवा गावाचे नाव तेवढे बदललेले असते. म्हणणारी बाई आपल्या बाळाचे नाव त्या जागी घालते. बाकीची ओवी, तिच्यातले शेत, पाऊस, माहेरची वाट, जशीच्या तशी राहते. नाव बदलता येते पण वाट बदलत नाही, ह्यावरून कोणता तपशील सैल आहे आणि कोणता घट्ट, हे ओवी स्वतःच दाखवून देते. लेखी गीतात असे नाव बदलण्याची सोय नसते. म्हणून तेथे 'तू', 'आई', 'पोरी' अशा शब्दांना ती जागा राखावी लागते.

आता बिलवरांकडे येऊ. भावाला ते सोडवेनात, आणि त्याने ते सोडू नयेत हेच योग्य होते. साऱ्या गीताचे मर्म तेथे होते. प्रश्न होता तो कुलूप उघडण्याचा. 'हे तिचे अखेरचे सोने होते' असे म्हटले तर ती पुन्हा माहितीच होते. पुन्हा तोच उपाय: व्यवहार सोडून त्या दिवशी काय दिसले ते पाहावयाचे. फी भरल्याच्या दिवशी रात्री बहिणीने पेटी उघडली होती, रिकामी डबी बाहेर काढून पदराने पुसली होती, आणि पुन्हा जागच्या जागी ठेविली होती. दुसरे कडवे असे झाले:

फी भरली मी. त्या रात्री तू
पेटीमधली डबी उघडली,
रित्या डबीला पुसुनी पदरे
जागी ठेवुनि कडी घातली.

ह्यात काय राहिले व काय गेले हे मोजून पाहण्याजोगे आहे. साल गेले, महिना गेला, मॅट्रिक गेली. परंतु 'फी' राहिली, आणि ती राहिलीच पाहिजे. ती काढली तर रिती डबी कोडे होऊन बसेल. उलट डबीत बिलवरच होते हे सांगण्याची आवश्यकता राहिली नाही. 'फी' आणि 'रिती डबी' ह्या दोन शब्दांमधले अंतर श्रोता स्वतः भरून काढतो, आणि ते भरताना तो आपल्याच घरातले काहीतरी त्या डबीत ठेवतो. कोणाला आईच्या बांगड्या आठवतील, तर कोणाला आजीची नथ. भावाने मध्यंतरी 'पेटीमधली' ह्याऐवजी 'सोन्याची ती' असे करून पाहिले होते. मात्रा बरोबर आठच होत्या. परंतु 'सोन्याची ती डबी' म्हणताच डबीच सोन्याची आहे असा भलताच अर्थ होऊ लागला, आणि गरिबाच्या घरात एकाएकी श्रीमंती आली. तेव्हा त्याने ते सोडून दिले. नेमकेपणा वाढविण्यासाठी घातलेला शब्द कधी कधी चित्रच फिरवून टाकतो, ते असे.

ऋणाची ओळही गेली. तिच्यासाठी जागाच उरली नाही. रिकामी डबी कोणी पुसून ठेवीत असेल, तर त्यानंतर 'हे ऋण फिटणार नाही' असे सांगणे म्हणजे कडी घातलेली पेटी पुन्हा उघडण्यासारखे आहे.

गीत खरोखर खुले झाले की नाही हे ओळखावे कसे? 'आवडले का?' असे विचारून ते कळत नाही. आपल्या लोकांत त्या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर कोणी देत नाही. त्याऐवजी ऐकणाऱ्यास विचारावे, 'काय दिसले?' उत्तर 'कोण होत्या ह्या?' किंवा 'हे केव्हाचे?' असे प्रश्नरूपाने आले, तर तपशिलाला अजून घरचे कुलूप आहे असे समजावे. उत्तर 'फार प्रेमळ', 'फार उदात्त' अशा विशेषणांनी आले, तर गीत सपाट झाले असे समजावे, कारण जे घातले तेच परत मिळाले. उत्तरात ऐकणारा आपल्या घराची गोष्ट सांगू लागला, आणि ती सांगताना कवीची वस्तूही विसरला नाही, तर गीत साधले. ही शेवटची अट विशेष महत्त्वाची आहे. केवळ स्वतःची आठवण निघणे पुरेसे नाही. ती दुसऱ्या खर्ड्यानेही निघू शकते, कारण बहीण हा शब्द कोणालाही आपल्या बहिणीची आठवण देतो. कंदील लक्षात राहून आठवण निघाली, तर ती गीताने काढली.

येथे एक शंका रास्त आहे. आता घरोघर विजेचे दिवे आहेत; ज्याने कंदिलाची काच कधी पुसली नाही त्याला हे गीत बंदच राहणार नाही काय? काही अंशी राहील. राखेने काच स्वच्छ होते हे त्याला ठाऊक नसेल. परंतु काच पुसली, दिवा एकाजवळ ठेवला, दुसरा अंधारात राहिला, एवढे कडवे स्वतःच सांगते. त्यासाठी त्याने कंदील वापरलेला असण्याची गरज नाही. 'बिलवर' ह्या शब्दाला आज टीप द्यावी लागेल. टीप लागणारा जुना शब्द आणि टीप न लागणारी जुनी वस्तू ह्यांत हा भेद आहे. जुनेपणाने गीत बंद होत नाही, अर्थ बाहेर राहिल्याने होते.

ह्या साऱ्यास एक मर्यादा आहे, तीही सांगितली पाहिजे. जेथे नाव हेच काव्याचे प्रयोजन असते तेथे ही रीत लावू नये. पोवाड्यातून गडाचे व वीराचे नाव काढले तर पोवाडा उरत नाही. तेथे श्रोत्याला स्वतःची जागा शोधावयाची नसते, दुसऱ्याचा पराक्रम ऐकावयाचा असतो. बारशाच्या पाळण्यातही बाळाचे नाव हवेच. तसेच जे गीत फक्त घरच्यांसाठी, घरच्या प्रसंगी म्हणावयाचे आहे, त्यात पेठ, साल, 'दिवाणसाहेब' सारे खुशाल राहावे. भावाचा पहिला खर्डाही टाकून देण्याजोगा नव्हता. तो घरच्या वहीत ठेवण्याजोगा होता. गोंधळ होतो तो घरच्या वहीतले पान जसेच्या तसे परक्याच्या हाती देण्याने.

वर्षश्राद्धाच्या दिवशी भावाने तिसरा खर्डा वाचला. शेजारचे वृद्ध गृहस्थ ह्या वेळी काही वेळ बोललेच नाहीत, मग म्हणाले, "आमच्या आईचेही असेच. चिमणी माझ्याकडे आणि ती चुलीच्या उजेडात." त्यांना गोदूताई कोण हे अजूनही ठाऊक नव्हते, आणि त्यांनी ते विचारलेही नाही.

मावशी मात्र दुसऱ्या कडव्याशी अडली होती. ती म्हणाली, "ही गोदूच. बिलवर विकायला तिच्याबरोबर मीच गेले होते. पण रात्री तिने डबी पुसून ठेवली, हे तिने मला कधी सांगितले नाही. तुला कसे कळले?"

भाऊ म्हणाला, "मावशी, मी जागा होतो."

ही गोष्ट गीतात घालावी की काय, असा मोह त्याला पुढे काही दिवस झाला. तिसरे कडवे करावे, अंथरुणात डोळे मिटून पडलेला मुलगा त्यात आणावा, असे त्याच्या मनात आले. शेवटी त्याने तो विचार सोडला. डबी पुसताना तिला कोणी पाहिले हे दुसऱ्या कडव्यात न सांगताच येऊन गेले होते. जो हे सांगत आहे त्याने ते पाहिल्याशिवाय कसे सांगितले असते? मात्र गीत मासिकाकडे पाठविताना मथळ्याखाली त्याने बारीक अक्षरांत दोनच शब्द लिहिले: 'गोदूताईस अर्पण'. पहिल्या खर्ड्यात अर्धी ओळ अडवून बसलेले ते नाव तेथे गीताच्या बाहेर राहिले, आणि त्याला जी जागा हवी होती ती मिळाली.